मधल्या सुट्टीचा हिशेब

वाचकहो, शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिण्याचा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांवर आलेला असेल. रजेचा अर्ज, दाखल्याची विनंती, फी भरण्यास मुदत मागणारी चिठ्ठी अशी ही पत्रे असतात आणि त्यांचे मसुदे आपल्या हातात बसलेले असतात. मी ज्या पत्राविषयी सांगणार आहे, ते मात्र मला तीनदा लिहावे लागले. विषय अगदी साधा होता. शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना खायला काय मिळावे, एवढेच मला सुचवायचे होते. पण पहिल्या मसुद्यापासून तिसऱ्या मसुद्यापर्यंत जाताना माझी समजूत जशी बदलत गेली, तसे पत्रही बदलले. तो प्रवास तुम्हाला सांगावा, असे मनात आहे.

आम्ही कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेत वरचे वर्ग सकाळी भरतात. सात वाजून वीस मिनिटांनी प्रार्थना, पावणेदहाला वीस मिनिटांची मधली सुट्टी आणि साडेबाराला शाळा सुटते. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत पोषण आहाराची खिचडी मिळते. नववीत गेले की ती बंद होते. मूल एका वर्गातून पुढच्या वर्गात गेले, म्हणून त्याची भूक कमी होत नाही, उलट वाढते. पण योजनेची रेघ तिथे संपते आणि कँटीनची सुरू होते. मी मुलीला डबा देत असे, शिवाय वरखर्चाला दहा रुपये. डबा बहुधा तसाच परत येई. विचारले तर उत्तर ठरलेले होते, "वेळ नाही मिळाला." आपल्याला सोयीचे उत्तर आपण फार तपासत नाही. मीही तपासले नाही.

ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाचा सराव चालू असताना ती मैदानावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन १२ च्या पुढे असायला हवे, ते साडेनऊ निघाले. डॉक्टरांना त्याचे नवल वाटले नाही. देशभरात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणाबरोबर चहा घेऊ नये म्हणून बजावले आणि मुलीला विचारले, "सकाळपासून दुपारपर्यंत काय खातेस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वेफर्सचं पाकीट. कधी कधी थंड पेय." माझे दहा रुपये कुठे जात होते, हे मला त्या खोलीत समजले.

त्या रात्री मी पहिला मसुदा लिहिला. तो आता वाचला तर मला संकोच वाटतो. 'आपल्या शाळेत मुलांना विष विकले जात आहे', 'कँटीन तत्काळ बंद करावे', 'संबंधितांवर कारवाई व्हावी' अशी त्यातली वाक्ये होती. रागाने लिहिलेल्या पत्रात क्रियापदे फार मोठी होतात आणि माहिती फार थोडी उरते. सकाळी पुन्हा वाचताना एक प्रश्न मलाच पडला. वेफर्स खाल्ल्याने रक्त कमी होते का? तसे होत नाही. पाकीट रक्त शोषून घेत नाही, ते जेवणाची जागा घेते. तीस ग्रॅमच्या पाकिटात साधारण दहा ग्रॅम तेल असते, म्हणजे दोन लहान चमचे. प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम. पोट भरल्यासारखे वाटते आणि डब्यातली भाजी-पोळी परत घरी येते. गोड फसफसणाऱ्या पेयात दर शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. दोनशे मिलिलिटरची बाटली रिकामी केली की चार-पाच चमचे साखर पोटात जाते आणि भूक मरते. तेव्हा हा प्रश्न केवळ पाकिटाचा नव्हता. पावणेदहा वाजता भूक लागलेल्या मुलासमोर पाकिटाखेरीज दुसरे काय ठेवले आहे, हा प्रश्न होता. माझ्या पहिल्या मसुद्यात त्याचे उत्तर कुठेच नव्हते.

दुसरा मसुदा मी नियमांच्या आधाराने लिहिला. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्ये शासन निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांतून अति मीठ, साखर आणि स्निग्धांश असलेले पदार्थ हद्दपार करायला सांगितले होते. वेफर्स, थंड पेये, झटपट नूडल्स, केक अशी नावे त्यात होती आणि त्यांऐवजी काय ठेवावे, याचीही यादी होती. पुढे २०२० मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने शाळकरी मुलांच्या आहारासाठी देशभर लागू होणारे विनियम आणले. संपृक्त स्निग्ध पदार्थ, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम यांचे प्रमाण जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात विकता येत नाहीत. शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरच्या आतही विकता येत नाहीत. हे सारे मी क्रमाने मांडले. पत्र भारदस्त झाले. पण ते पाकिटात घालताना पुन्हा हात थांबला. नियम २०१७ पासून कागदावर होता. मुख्याध्यापिकाबाईंना तो ठाऊक नसेल, असे मानण्याचे कारण नव्हते. ठाऊक असलेला नियम जर पाळला जात नसेल, तर त्यामागे काहीतरी कारण असते आणि ते कारण तसेच ठेवून नियम पुन्हा सांगितला, तर तो पुन्हा कागदावरच राहतो. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कँटीन पाहायला गेले.

कँटीन म्हणजे सायकल-स्टँडच्या शेजारची दहा बाय बाराची पत्र्याची खोली. ते चालवणाऱ्या बाईंना सारी शाळा मावशी म्हणते. घंटा झाली आणि दीडशे मुले त्या खिडकीवर आदळली. मी बाजूला उभी राहून पाहत होते. पाकीट द्यायला मावशींना दोन सेकंद लागत. हात वर, पाकीट खाली, दहाची नोट डब्यात. वडापाव द्यायला त्याच्या पाचपट वेळ लागे. पाव कापायचा, चटणी लावायची, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचा. मागची मुले ओरडत होती. वीस मिनिटांत दीडशे मुलांना खायला द्यायचे असेल, तर पाकीट जिंकणार हे उघड होते.

सुट्टी संपल्यावर मी मावशींशी बोलायला गेले. मी कोण आणि कशासाठी आले, ते स्पष्ट सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "ताई, बंद करायला लावू नका. दोन पोरं शिकताहेत माझी," एवढेच त्या म्हणाल्या. माझा पहिला मसुदा त्या वेळी माझ्या पिशवीतच होता. मी त्यांना म्हटले, "मावशी, मला हिशेब समजावून सांगा. पाकिटामागे तुम्हाला काय सुटतं?"

"एक रुपया. दिवसाला नव्वद-एक पाकिटं जातात."

"आणि शाळेला भाडं किती देता?"

"महिन्याला दोन हजार."

हिशेबनिसाला हा गुणाकार करायला कागद लागत नाही. रोजचे नव्वद रुपये, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे एकवीसशे साठ. पाकिटांची जवळजवळ सारी कमाई शाळेच्या भाड्यात जात होती. मावशींचे घर वडापाव आणि चहावर चालत होते, पाकिटे त्या शाळेसाठी विकत होत्या. बाईंना हे माहीत नव्हते, मावशींनी कधी असे मांडून पाहिले नव्हते आणि मी तर विष विकणाऱ्याचा शोध घेत निघाले होते.

मग मी विचारले, "घरी करतो तशी मटकीची उसळ इथे का नको?" मावशी हसल्या. त्यांनी जे सांगितले, ते कुठल्याही शासन निर्णयात मला वाचायला मिळाले नव्हते. त्या म्हणाल्या, "ताई, पाकीट आज नाही खपलं तर उद्या खपतं. उसळ दुपारी आंबते." आपण हिशेब मांडून पाहिला. एक किलो मटकी तेव्हा १२० रुपयांना होती. भिजून मोड आले की ती दोन किलोंच्या वर जाते. कांदा, टोमॅटो, लिंबू, मसाला, तेल आणि गॅस यांचे नव्वद रुपये धरले, तर २१० रुपयांत तीस बशा होतात, म्हणजे बशीला सात रुपये. दहाला विकली तर बशीमागे तीन रुपये सुटतात. तीस बशा म्हणजे नव्वद रुपये, नव्वद पाकिटांइतकेच. त्या एका बशीत मुलाला सात-एक ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकीत लोह असते आणि वरून पिळलेल्या लिंबामुळे ते शरीरात अधिक शोषले जाते. माझ्या मुलीच्या डॉक्टरांनी सांगितलेले बहुतेक सारे त्या दहा रुपयांत होते. पण तीसपैकी दहा बशा उरल्या तर सारा नफा बुडतो, आणि तीसऐवजी पन्नास मुले आली तर वीस मुले पाकिटाकडे वळतात. किती मुले येणार, हे आदल्या दिवशी कळूनही उपयोग नसतो. मंगळवारी उसळ हवी असेल, तर सोमवारी सकाळी मटकी भिजत घालावी लागते, संध्याकाळी फडक्यात बांधावी लागते, तेव्हा मंगळवारी पहाटे मोड दिसतात. थंडीत त्यालाही उशीर होतो आणि रविवारी रात्रीच भिजवावी लागते. म्हणजे मंगळवारचा आकडा शनिवारी हातात हवा. पाकिटाची खरी ताकद त्याच्या चवीपेक्षा त्याच्या टिकण्यात आहे, हे मला तेव्हा कळले. ताजे अन्न विकणाऱ्याला उरण्याची भीती असते. ती भीती कमी करणारा नियम हवा होता.

वड्यांच्या तेलाकडेही मी पाहिले. कढईतले तेल काळपट आणि दाट झाले होते, वर येणारा फेस लवकर बसत नव्हता आणि आच मंद असतानाही धूर निघत होता. तेल वारंवार तापवल्याची हीच खूण असते. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेले, की ते तेल वापरू नये असा नियम आहे. ते मोजायला उपकरण लागते, पण डोळा आणि नाक यांनाही बरेच कळते. मावशी कालच्या तेलात आजचे तेल घालीत होत्या, कारण रोज दीड लिटर तेल टाकून देणे त्यांना परवडत नव्हते. मी तळण बंद करण्याविषयी बोलले, तेव्हा त्याही विचारात पडल्या. मग त्यांनीच वाट काढली. "तेच सारण, तेच पीठ, पण आप्पेपात्रात करते. चमचाभर तेलात होतात." एका पात्रात बारा गोळे बसतात आणि दोन्ही बाजू भाजायला दहा मिनिटे लागतात. दोन पात्रांवर पाच खेपा केल्या, तर पन्नास मिनिटांत एकशेवीस वडे होतात. म्हणजे साठ मुलांना दोन-दोन. त्याहून अधिक मुलांसाठी केले, तर पहिले वडे गार होतात. हा आकडा मी माझ्या वहीत लिहून घेतला.

यानंतर मी तिसरा मसुदा लिहिला. तोच शाळेत दिला. तो पुढे देते.

'मा. मुख्याध्यापिका यांस,

विषय : शाळेच्या कँटीनमधील खाद्यपदार्थांविषयी काही सूचना.

महोदया,

माझी मुलगी आपल्या शाळेत नववीत शिकते. गेल्या महिन्यात तिला मैदानावर चक्कर आली, त्या वेळी शिक्षकांनी तिची काळजी घेतली, त्याबद्दल मी आभारी आहे. त्या निमित्ताने मी कँटीनची पाहणी केली आणि ते चालवणाऱ्या बाईंशी बोलले. त्यावरून पुढील सूचना करीत आहे.

एक. वेफर्स, तत्सम तळलेली पाकिटे आणि गोड थंड पेये यांची विक्री बंद व्हावी. शासन निर्णय व २०२० चे विनियम यांनुसार ती विकता येत नाहीत. शिल्लक माल घाऊक व्यापाऱ्याकडे परत करण्यास कँटीनचालकांना पंधरा दिवसांची मुदत द्यावी.

दोन. प्रत्येक वाराचा एक पदार्थ ठरवावा. सोमवारी भाज्या घातलेले उपीट, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी थालीपीठ व दही, गुरुवारी आप्पेपात्रातील वडे, शुक्रवारी उकडलेल्या हरभऱ्यांची कोशिंबीर आणि शनिवारी उकडलेले शेंगदाणे. केळे आणि ताक रोज असावे. वार ठरल्याने तयारी आधी करता येईल.

तीन. प्रत्येक वर्गप्रतिनिधीने पुढील आठवड्याची अंदाजे संख्या शनिवारी कँटीनमध्ये कळवावी.

चार. तळण बंद असावे. पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात देऊ नयेत, कारण छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात. स्टीलच्या बशा वापराव्यात. अन्न व्यवसायाच्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागी लावावा. ताकासाठी गाळून उकळलेले पाणी वापरावे.

पाच. कोणत्याही बशीची किंमत दहा रुपयांपेक्षा अधिक असू नये आणि पाच रुपयांत मिळेल असा एक तरी पदार्थ रोज असावा. हे शक्य व्हावे, यासाठी कँटीनचे मासिक भाडे पहिले तीन महिने माफ करावे. पाकिटांवरील सध्याचे उत्पन्न आणि भाडे या दोन रकमा जवळजवळ समान आहेत. हिशेब सोबत जोडला आहे.

या कामी माझी काही मदत होणार असल्यास मी महिन्यातून एक सकाळ देऊ शकेन.

आपली विश्वासू,
एक पालक'

तुमच्या लक्षात आले असेल, या पत्रात एकही दोषारोप नाही. तो काढून टाकण्यासाठी मला फार संयम ठेवावा लागला असे मात्र नाही. हिशेब मांडल्यावर दोष द्यायला माणूसच सापडेना. पाचवी सूचना लिहिताना मात्र मी अडखळले. मुलांच्या आरोग्याच्या पत्रात भाड्याचा विषय काढणे औचित्याला धरून आहे का, असे वाटत होते. पण ती सूचना वगळली असती, तर पहिल्या चार सूचनांचा सारा भार मावशींवर पडला असता. ज्या नियमाची किंमत कोण मोजणार हे ठरलेले नसते, ती किंमत त्या खोलीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल होते. आठ-दहा दिवसांत पाकिटे गुपचूप परत आली असती.

बाईंनी मला चौथ्या दिवशी बोलावले. त्यांनी जोडपत्र दोनदा वाचले. "भाड्याचं असं कधी पाहिलंच नाही हो आम्ही," असे त्या म्हणाल्या. विषय संस्थेच्या समितीपुढे गेला. समितीने भाडे माफ केले नाही, निम्मे केले. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाकिटे बंद झाली आणि वारांचा तक्ता खिडकीवर लागला.

पहिला मंगळवार वाईट गेला. वर्गांनी तीस बशांची नोंद दिली होती, खपल्या चौदा. १४० रुपये आले, खर्च २१० झाला होता. सत्तर रुपयांचा तोटा. ज्यांनी हात वर केले होते, त्यांतली कित्येक मुले फाटकाबाहेरच्या गाडीवर गेली होती. माझ्या तिसऱ्या सूचनेतला दोष इथे उघडा पडला. वर्गात हात वर करायला काहीच मोजावे लागत नाही. तो सत्तर रुपयांचा तोटा मी मावशींना दिला. त्यांनी नको म्हटले, पण चुकीची सूचना माझी होती. मग बाईंच्या संमतीने सूचना दुरुस्त केली. नोंदवतानाच दहा रुपये भरायचे आणि वर्गप्रतिनिधीकडून शाळेचा शिक्का मारलेले कुपन घ्यायचे. पुढच्या मंगळवारी बावीस कुपने गेली. मावशींनी चोवीस बशांची तयारी केली आणि सगळ्या संपल्या. कुपनामुळे खिडकीवर सुट्या पैशांची देवघेवही थांबली आणि उसळ वाढायला लागणारा जास्तीचा वेळ भरून निघाला. पुढे दोन शिक्षक त्याच रांगेत उभे राहून उसळ घेऊ लागले. त्यानंतर मोठ्या मुलांचा संकोचही गेला, असे मावशी सांगतात.

सारेच साधले असे नाही. गाडीवाल्याला पन्नास मीटरचा नियम दाखवला. शिपायाने टेप धरून अंतर मोजले आणि गाडी पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली. भुकेल्या आणि चालायला तयार असलेल्या मुलाला तेवढे अंतर काहीच नाही. मधल्या सुट्टीत फाटक बंद ठेवतात, पण साडेबाराला ते उघडतेच. पाच रुपयांचे ताक उन्हाळ्यात खपते, थंडीत कोणी विचारत नाही. आप्पेपात्रातल्या वड्यांना तळलेल्या वड्याची सर येत नाही, हे मुले स्पष्ट सांगतात आणि ते खरेही आहे. बुधवारचे थालीपीठ वेळेअभावी सोडून द्यावे लागले. त्या दिवशी आता पुन्हा उपीट असते.

माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी अकराच्या वर गेले. ते श्रेय डॉक्टरांच्या गोळ्यांचे आहे. उसळीने ते टिकावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. तिचा डबा मी आता लहान केला आहे. मंगळवारी तर देतच नाही, त्या दिवशी तिच्या दप्तरात शिक्का मारलेले कुपन असते. कधी ती वळणावरच्या गाडीवर जाते, हेही मला ठाऊक आहे. तिनेच सांगितले. पूर्वी ती "वेळ नाही मिळाला" म्हणत असे. आता खरे ते सांगते.

वाचकहो, तुमच्या मुलांच्या शाळेतही अशी एखादी खिडकी असेल. तिच्याविषयी पत्र लिहावेसे वाटले, तर लिहिण्यापूर्वी मधल्या सुट्टीत वीस मिनिटे तिथे उभे राहा आणि सुट्टी संपल्यावर खिडकीमागच्या माणसाला दोन आकडे विचारा. एका पाकिटामागे काय सुटते आणि महिन्याचे भाडे किती. माझ्या पत्रातली पाचवी सूचना त्या दोन आकड्यांतून निघाली. बाकीच्या चार तिच्याच आधाराने उभ्या राहिल्या.